ग्राहकाचं कापड, आपलं भाडं: शिलाईच्या ऑर्डरची किंमत काढताना या चुका टाळा

वीस ब्लेझर शिवून झाले, पैसेही वेळेवर आले, आणि तरी महिनाअखेरीला भाडं भरताना गल्ला कमी पडला. शिलाईच्या वर्कशॉपचे हिशेब बघताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: कापड कोणाचं होतं? बहुतेक वेळा ते ग्राहकाने आणलेलं असतं.

वरखर्च साहित्यावर टक्क्यांनी लावणं

कापड, अस्तर, बकरम, बटणं यांचा खर्च सरळ त्या ऑर्डरच्या नावावर टाकता येतो. कारागिराने त्या कामावर घालवलेल्या तासांची मजुरीही टाकता येते. भाडं, वीज, मशीनचा घसारा आणि देखरेखीचा पगार मात्र कुठल्याच एका ऑर्डरचे नसतात. हा वरखर्च वाटायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणून साहित्याच्या किमतीवर ठरावीक टक्के लावले जातात.

आता त्या वीस ब्लेझरचा हिशेब पाहू. आकडे समजायला सोपे घेतले आहेत, चलन कोणतंही धरा. कापड ४२ मीटर, त्याचे १६,८००. अस्तर, कॅनव्हास, खांद्याचे पॅड आणि बटणांचे ५,०००. कामाचे एकूण तास १३०, तासाला ८० प्रमाणे मजुरी १०,४००. वरखर्च साहित्याच्या ४० टक्के लावला, तर आपलं कापड असताना तो ८,७२० होतो. तेच कापड ग्राहकाने आणलं की साहित्य उरलं फक्त ५,०००, आणि वरखर्च झाला २,०००.

पण मशीन दोन्ही वेळेला १३० तासच चालली. दिवे तेवढेच जळले, इस्त्री तेवढीच तापली. कापड कोणी आणलं यावर भाडं ठरत नाही. शिलाईत वरखर्च वाढतो तो वेळेने, म्हणून तो कामाच्या तासांवर लावायचा. छपाईच्या वर्कशॉपमध्ये मशीनचे तास घ्यावेत, कारण तिथे खर्च माणसापेक्षा मशीनभोवती जास्त फिरतो.

तास मोजताना हजेरीचे तास घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

चार कारागीर, महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे हजेरी ८३२ तासांची. भाडं १५,०००, वीज ५,२६०, मशीनचा घसारा आणि दुरुस्ती ५,५००, मालक स्वतः देखरेख करतो त्याचा पगार २०,०००. बेरीज ४५,७६०. तिला ८३२ ने भागलं की तासाला ५५ येतात. हा दर दिसायला बरा असतो, पण खोटा असतो.

कारण आठच्या आठ तास कोणीच शिवत नाही. दोरा बदलणं, सुई तुटणं, कटिंगची वाट बघणं, वीज जाणं, दोन ऑर्डरींमधला रिकामा वेळ यात पाव दिवस सहज जातो. आपल्या उदाहरणात ऑर्डरवर लिहिता येतील असे तास ६२४ च उरतात. बाकीच्या २०८ तासांची मजुरी तर दिलेलीच असते: १६,६४०. ती कुठल्याच ऑर्डरवर पडत नाही, म्हणून वरखर्चात धरायची. वरखर्च झाला ६२,४००, आणि ६२४ ने भागल्यावर खरा दर आला तासाला १००.

म्हणजे हजेरीवर दर काढताना चूक दोनदा होते: भाजक फुगतो आणि रिकाम्या वेळेची मजुरी गळते. कारागीर नगावर मजुरी घेत असतील तर ती गळती नसते, पण भाडं आणि वीज वाटायला कामाचे तास तरीही लागतातच.

आता ग्राहकाच्या कापडाची ऑर्डर पुन्हा मांडा. साहित्य ५,०००, मजुरी १०,४००, वरखर्च १३,०००, एकूण २८,४००. टक्केवारीच्या पद्धतीने हाच खर्च १७,४०० दिसला होता. त्यावर २० टक्के नफा चढवून मालकाने २०,८८० घेतले आणि ३,४८० सुटले असं समजला. प्रत्यक्षात ७,५२० अंगावर पडले होते.

फक्त शिवण्याचा वेळ धरणं

एका ब्लेझरला साडेपाच तास, म्हणून विसाला ११०, इथेच हिशेब थांबतो. वर १३० कुठून आले? मापं घेणं, पॅटर्न काढणं आणि नमुना शिवणं यात १० तास गेले. ट्रायलनंतर बाह्या आणि कंबर दुरुस्त करण्यात आणखी १०. या २० तासांची मजुरी आणि वरखर्च मिळून ३,६०० होतात. पॅटर्नचा वेळ ऑर्डर लहान असली तरी जवळपास तेवढाच लागतो, म्हणून पाच नगांना वीस नगांचा दर देऊ नका.

यावर उपाय एकच, जॉब कार्ड. कापलेल्या गठ्ठ्याला ऑर्डर नंबरचं कार्ड बांधा आणि काम हातात घेताना व ठेवताना कारागिराने वेळ लिहावी. संध्याकाळी आठवून लिहिलेले तास नेहमी गोल येतात: दोन, तीन, चार. सगळ्या कार्डांवर असे गोल आकडे दिसले की समजावं, कार्ड भरलं जातंय, वेळ मोजली जात नाही.

उसवून पुन्हा शिवायचा वेळ कुठे टाकायचा हेही ठरवून ठेवा. ग्राहकाने मधेच डिझाइन बदललं तर तो त्याच ऑर्डरवर. मशीनचा टाका बिघडला म्हणून उसवावं लागलं तर तो वरखर्चात. जादा वेळेच्या मजुरीचंही तसंच: ग्राहकाला घाई असेल तर त्याच्या ऑर्डरवर, आपल्याकडे कामं तुंबली असतील तर वरखर्चात.

नफा खर्चावर चढवून विक्रीवर समजणं

आपल्याच कापडाच्या ऑर्डरचा पूर्ण खर्च ४५,२०० येतो. विक्रीवर २० टक्के नफा हवा असेल तर ०.८० ने भागा: ५६,५००, म्हणजे नगाला २,८२५. खर्चावर २० टक्के चढवले तर ५४,२४० होतात, आणि विक्रीवर नफा १७ टक्क्यांच्याही आत राहतो. दोन्ही पद्धती चालतात, फक्त आपण कोणती वापरतोय ते माहीत हवं.

मंदीच्या महिन्यात दर वाढवणं

महिनाअखेरीला सगळ्या कार्डांवरचे तास गुणिले १०० करा आणि खरा वरखर्च शेजारी मांडा. समजा कामाचे तास ५४० च भरले. ऑर्डरींवर पडले ५४,०००. रिकामे तास वाढल्यामुळे खरा वरखर्च मात्र झाला ६९,१२०. फरक १५,१२०.

इथे हात शिवशिवतो: ६९,१२० भागिले ५४०, म्हणजे पुढच्या महिन्यापासून तासाला १२८. असं करू नका. मंदीत दर चढला की ऑर्डरी आणखी घटतात, तास आणखी कमी होतात आणि दर पुन्हा चढतो. दर वर्षभराच्या खर्चावर आणि वर्षभराच्या कामाच्या तासांवर काढा, म्हणजे लग्नसराईचे आणि रिकामे महिने एकत्र येतात. एका महिन्याची तूट वेगळी लिहून ठेवा. सलग तीन-चार महिने ती त्याच बाजूला राहिली, तर दर काढताना धरलेले तास किंवा खर्च चुकलेत असं समजून ते नव्याने मोजा.

रिकाम्या महिन्यात पूर्ण खर्चाखालची ऑर्डर घेता येते का? कारागीर पगारी असतील तर येते, साहित्य आणि त्या कामामुळेच वाढणारी वीज सुटून वर काही उरत असेल तर. फक्त कार्डावर पूर्ण खर्च लिहा आणि घेतलेली किंमत त्याखाली वेगळी लिहा. नाहीतर पुढच्या हंगामात तोच ग्राहक येईल, जुनं बिल दाखवेल, आणि तोच दर आपला नेहमीचा होऊन बसेल.