एचआर जनरलिस्टचा रेझ्युमे: या चुका टाळा

लोटे, महाड किंवा कुडाळच्या एमआयडीसीतून एचआर जनरलिस्टची जाहिरात निघाली की बहुतेक रेझ्युमेंत एक ओळ हमखास सापडते: ‘पीएफ, ईएसआय, पीटीचं काम पाहिलं.’ पाहिलं म्हणजे काय केलं? चलन स्वतः भरलं, की कन्सल्टंटला हजेरीची शीट मेल केली? शीट पाठवण्यात कमीपणा काहीच नाही, पण जाहिरातीत ‘कम्प्लायन्स स्वतंत्रपणे सांभाळणारा’ हवा असेल तर फरक पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

एक उमेदवार असाच अडकला. रेझ्युमेत ‘ईएसआयचं संपूर्ण काम’. प्रश्न साधा होता: कामगाराचा पगार २०,५०० होता, जुलैत २२,००० झाला, आता कपात थांबवायची का? मर्यादा २१,००० ची, म्हणून ‘थांबवायची’ असं तो बिनधास्त म्हणाला. चूक. एप्रिल ते सप्टेंबर हा एक अंशदान कालावधी; त्यात मधेच मर्यादा ओलांडली तरी सप्टेंबरअखेर कपात चालू राहते, तीही पूर्ण २२,००० वर. म्हणजे कामगाराचे ०.७५ टक्क्याने १६५ रुपये आणि कंपनीचे ३.२५ टक्क्याने ७१५. जुलैतच थांबवलं तर कंपनीची थकबाकी निघते आणि कामगाराचे अंशदानाचे दिवस कमी भरतात. आजारपणाच्या लाभाला एका कालावधीत ७८ दिवस लागतात, त्यामुळे पुढच्या वर्षी जानेवारी ते जूनमध्ये तो आजारी पडला तर हक्काचे पैसे अडकू शकतात. इंटरनेटवरून उचललेल्या ओळी असा प्रश्न आला की लंगड्या पडतात.

म्हणून ओळ अशी लिहा: ‘१८० कामगारांचा ईसीआर स्वतः बनवून पीएफचं चलन १५ तारखेच्या आत, ठेकेदाराच्या ६० माणसांची चलनं बिल पास करण्याआधी तपासली.’ आकडे अर्थात तुमचे, खरे. ठेकेदारीचा भाग कारखान्याच्या जाहिरातीसाठी मुद्दाम वर घ्या, कारण ठेकेदाराने पीएफ बुडवला तर वसुली मूळ मालकाच्या दारात येते.

पेरोलमध्ये सॉफ्टवेअरचं नाव टाकून मोकळं होऊ नका. हजेरी ते बँक फाइल यातला तुमचा टप्पा कोणता, फुल अँड फायनल कोण काढायचं, ते लिहा. गणपतीत आणि शिमग्यात निम्मी पाळी गावी गेल्यावर रजा आणि बिनपगारी दिवस कसे जुळवले, हे इथल्या कारखान्याला जास्त कळतं. फेब्रुवारीत पीटी २०० ऐवजी ३०० कापायची, आणि २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांची कापायचीच नाही, एवढं तरी तोंडपाठ हवं.

भरतीत ‘एंड टू एंड’ हा शब्द खोडा. आयटीआय फिटर किती, केमिस्ट किती, कुठून आणले, रुजू किती झाले, एवढं पुरे.

आणि सगळ्या जाहिरातींना एकच पीडीएफ पाठवू नका. जाहिरातीत आधी कम्प्लायन्स असेल तर तुमच्या पहिल्या पानावरही तेच आधी हवं.