आठशे डॉलर रोज म्हणजे नक्की किती?

मेलबर्नमध्ये नवीन आलेल्या आपल्या आयटीवाल्यांची एक गंमत आहे. कुणीतरी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत सांगतो, "मला काँट्रॅक्टवर दिवसाला आठशे मिळतात," आणि पुढचा तिथल्या तिथे 260 ने गुणून मोकळा होतो. 2 लाख 8 हजार! मग दीड लाखाची पर्मनंट नोकरी त्याला भिकेची वाटायला लागते. आठशेवाला मात्र गेल्या जानेवारीत किती दिवस घरी बसला होता, हे कधी सांगत नाही.

आधी एक गोष्ट: 482 व्हिसावर असाल तर स्पॉन्सर कंपनीचीच नोकरी करावी लागते, तेव्हा काँट्रॅक्ट की पर्मनंट हा प्रश्न तुमचा नाही. पीआर घेऊन आलेल्यांसाठी पुढचं.

काँट्रॅक्ट मिळवून देणाऱ्या एजंटने रेट सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: "सुपर धरून की सुपर वेगळा?" विचारायचा म्हणजे विचारायचाच, आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं. सुपर म्हणजे इथला निवृत्तीचा फंड. जुलै 2025 पासून पगाराच्या 12 टक्के. रेट "सुपर धरून" असेल तर आठशेतले तुमच्या हातातले, तेही करापूर्वीचे, 800 भागिले 1.12, म्हणजे 714 डॉलर. बाकीचे 86 फंडात जातात. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी पहिल्या पेस्लिपकडे बघत मला फोन करतो. पर्मनंटच्या बाबतीतही तीच चौकशी करा. "दीड लाख अधिक सुपर" आणि "दीड लाखाचं पॅकेज" यांत बराच फरक आहे, कारण पॅकेजमध्ये सुपर आत धरलेला असतो.

आता दिवस मोजू. वर्षात कामाचे वार 260. त्यातून व्हिक्टोरियाच्या सुट्ट्या वजा करा. घोड्यांच्या शर्यतीचा मंगळवार आणि फुटबॉल फायनलच्या आधीचा शुक्रवार धरून आठवड्याच्या दिवसांत पडणाऱ्या साधारण 11. पर्मनंटला त्यांचे पैसे मिळतात, तुम्हाला नाहीत. भारतवारीसाठी चार आठवडे म्हणजे 20 दिवस. आजारपणाचे 5 धरू. पर्मनंटला वर्षाला 10 भरपगारी मिळतात, आणि मूल डे-केअरमध्ये जाऊ लागलं की पहिल्या हिवाळ्यातच ते दहाही अपुरे पडतात. उरले 224.

714 गुणिले 224 म्हणजे साधारण 1 लाख 60 हजार. म्हणजे हे सगळं गृहीत धरूनही काँट्रॅक्ट दीड लाख अधिक सुपरपेक्षा 10 हजारांनी सरस. पण हे वर्षभर एकही खंड पडला नाही तर. दीड लाखाला 714 ने भागा: 210 येतात. म्हणजे तुमच्याकडे मोकळे दिवस फक्त 14 आहेत. तीन आठवड्यांपेक्षाही कमी!

आणि खंड पडतोच. डिसेंबरअखेर क्लायंटचं ऑफिस बंद होतं. तुमची भारतवारी नेमकी तेव्हाच असेल तर ठीक, पण फेब्रुवारीत भावाचं लग्न असेल तर तो आठवडा वेगळा गेला. बरीच काँट्रॅक्टं सहा महिन्यांची असतात, ती संपवायला एक-दोन आठवड्यांची नोटीस पुरते, आणि जून संपून नवीन बजेट येईपर्यंत मुदतवाढ लटकून राहिली की मॅनेजरही हात वर करतो. नवीन काँट्रॅक्ट मिळायला महिना लागला तर 20 दिवस गेले. उरले 204, आणि उत्पन्न साधारण 1 लाख 46 हजार.

म्हणून मी उलटा हिशोब करायला सांगतो: दीड लाखाची बरोबरी करायला रोजचा रेट किती हवा? 1,50,000 भागिले 204, गुणिले 1.12: सुपर धरून साधारण 825 आले. पर्मनंटला 10 टक्के बोनस असेल तर तोच हिशोब 1,65,000 चा, म्हणजे 905 च्या आसपास. बोनस हमखास नसतो, त्यामुळे तो अर्धाच धरणारेही आहेत. खंड मात्र अर्धा धरू नका.

यात रिडंडन्सीचे पैसे धरलेले नाहीत. कर्मचारी 15 किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपनीत वर्ष पूर्ण झाल्यावर पद रद्द झालं तर कायद्याने किमान चार आठवड्यांचा पगार मिळतो. काँट्रॅक्टरची मुदत संपली की फक्त लॅपटॉप परत द्यायचा. पगारी बाळंतपणाची रजा अनेक मोठ्या कंपन्या देतात, आणि घरी तसा विचार असेल तर पर्मनंट घ्या, पुढे वाचू नका.

नवरा-बायको दोघंही काँट्रॅक्टवर असलेली घरं मी इथे पाहिली आहेत. दोघांची मुदत एकाच 30 जूनला संपते. एकाने तरी पर्मनंट राहावं, आणि दुसऱ्याने आठशेवर न थांबता 850 मागावेत. एजंट आधी "बजेट नाही" म्हणेल. तेव्हा "मग आठशे, पण सुपर वेगळा" म्हणायचं. ते सुपर धरून 896 होतात.