बिलाच्या फोटोवरून खरेदीची नोंद : या चुका टाळा

काल अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून टॉवेल आले आणि ड्रायव्हरने बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. तुम्ही तो पाहून खरेदी 27,000 अशी नोंदवली. कागद घडी पडलेला होता, त्यात 1 चा 7 दिसला. पण त्याच फोटोत चूक पकडायची सोय होती, ती कशी ते सांगतो.

बिलात 120 टॉवेल आहेत, 180 रुपये नग, म्हणजे 21,600. त्यातून 5 टक्के सूट 1,080 वजा, पॅकिंगचे 480 मिळवले, की करपात्र रक्कम येते 21,000. कर याच आकड्यावर लागतो. वरच्या 21,600 वर नाही आणि खालच्या एकूण रकमेवर तर नाहीच. त्यावर सीजीएसटी 525, एसजीएसटी 525, एकूण 22,050.

आता 525 स्पष्ट दिसत होते ना? त्याला 2.5 ने भागून 100 ने गुणा, 21,000 येतात. रक्कम 27,000 असती तर प्रत्येक कर 675 झाला असता. फोटोतला मोठा आकडा पुसट असला तर आधी कराकडे बघत जा.

'दर' या शब्दाने आपल्याकडे सगळेच फसतात, मीही फसलोय. बिलात दोन दर असतात: मालाचा दर 180 आणि कराचा दर. कराच्या रकान्यात 2.5 दिसलं म्हणून नोंदीत अडीच टक्के टाकू नका. तो निम्मा आहे, दोन्ही मिळून 5. परराज्यातलं बिल असेल, समजा कर्नाटकातल्या व्यापाऱ्याचं, तर जीएसटी क्रमांक 29 ने सुरू होतो आणि एकच आयजीएसटी 5 टक्के दिसतो. आपल्या महाराष्ट्राचा आकडा 27.

फक्त एकूण रक्कम वाचता आली तर 22,050 मधून 5 टक्के वजा करायचा मोह होतो. तसं केलं तर 20,947.50 येतात, म्हणजे साडेबावन्न रुपयांची तफावत. 22,050 ला 1.05 ने भागा. राउंड ऑफ असेल तर तो आधी बाजूला काढा, त्यावर कर नसतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून चादर-टॉवेलवर 5 टक्के कर आहे, तो नगाची किंमत 2,500 पर्यंत असेल तरच. त्यापुढे 18. भारीतला सेट आला की नगाची किंमत सूट वजा जाता बघा.

कालची नोंद दुरुस्त करा, पण फोटोवर फाइल बंद करू नका. मूळ बिल मागवा आणि जीएसटी पोर्टलवर 2बी विवरण आलं की त्यातला कर 1,050 आहे का ते ताडून बघा. तिथं बिल दिसलं नाही तर भरलेल्या कराचं क्रेडिट घेऊ नका, कारखान्याला फोन करा.