पाडव्याला नवऱ्याला मेसेज पाठवताय? या चुका टाळा

पाडव्याच्या सकाळी मावसबहिणीने मला मेसेज वाचायला पाठवला. ती निफाडकडे दिलेली, घरची द्राक्षबाग. छाटणी झालेली, रात्रीतून ढग आलेले, त्यामुळे दाजी सणाच्या दिवशीही पहाटेच डाऊनी रोगाची फवारणी करायला गेलेले. मेसेज असा:

"माझ्या साथीदारा, तू आहेस म्हणून मी आहे. तुझ्या प्रेमाने माझं आयुष्य उजळलं. पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा! ओवाळणीत येवल्याची पैठणी हवी हं!" आणि वर गुढीचं चित्र.

गुढी आधी काढायला लावली. ती चैत्रातली. हा कार्तिकातला, बलिप्रतिपदेचा पाडवा, बायकोने नवऱ्याला ओवाळायचा. दिवसही कालनिर्णयात बघून घ्यावा. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं आणि पाडवा 14 ला. मध्ये एक दिवस मोकळा होता, आणि 13 लाच शुभेच्छा धाडून मोकळ्या झालेल्या बायका मला माहीत आहेत (त्यातली एक मीच).

मग 'तू'. चौदा वर्षं ही त्यांना 'अहो' म्हणते. एकदम 'तू' आलं की दाजींना वाटणार, कुणाचा तरी मेसेज चुकून आपल्याकडे आला.

पैठणीचं मात्र ताटासमोर बोलावं. मेसेजमध्ये आली की आधीचं सगळं गोड बोलणं तिच्यासाठीच होतं असं वाटतं.

पण खरी अडचण वेगळीच होती: त्या मेसेजमध्ये दाजी कुठेच नव्हते. मी विचारलं, "या चार दिवसांत त्यांनी असं काय केलं, जे तू पाहिलंस पण बोलली नाहीस?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, माझे अनारसे तुपात हसले ना, ते सगळे यांनीच गुपचूप संपवले. धड होते ते पाहुण्यांना ठेवले." म्हटलं, हेच लिही.

"अहो, हसलेले अनारसे कुणी संपवले ते मी पाहिलंय. संध्याकाळी सातला ताट तयार ठेवते. फवारताना तोंडाला फडकं बांधा आणि हात नीट धुऊन या."

व्हॉइस मेसेज करू का, असं तिने विचारलं. ब्लोअरच्या आवाजात कोण ऐकणार? तीन ओळी असल्या की टाकी भरताना वाचून होतात. शिवाय हातमोजे घालून उत्तर टाइप होत नाही, तेव्हा निळ्या टिका दिसल्या की पाच मिनिटांत रुसू नये. आणि पाठवण्याआधी वर नाव बघावं. घरच्या ग्रुपवर गेलं तर पहिला अंगठा सासऱ्यांचा येतो.

साडेअकराला दाजींचं उत्तर आलं: "गूळ जास्त झाला होता. पण अजून असतील तर ठेव."