टीचिंग स्टेटमेंटचा पहिला परिच्छेद: उदाहरणात विद्यार्थी कुठे आहे?

नेट-सेट, पीएचडी, पेपर हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालते. खासगी विद्यापीठात किंवा परदेशात लेक्चररसाठी अर्ज करताना एक-दोन पानांचं टीचिंग स्टेटमेंट मागतात आणि गाडी पहिल्याच परिच्छेदावर अडते. मी भौतिकशास्त्राची, त्यामुळे उदाहरण तिथलंच देते.

बहुतेकांची सुरुवात अशी असते: ‘माझा विद्यार्थीकेंद्री शिक्षणावर विश्वास आहे. वर्गात मुक्त चर्चेचं वातावरण असावं असं मला वाटतं.’ यात खोटं काही नाही. पण विषयाचं नाव झाकून हाच मजकूर अर्थशास्त्राच्या अर्जाला जोडला तर चालेल का? चालत असेल तर तो खोडा. सिनियरचं स्टेटमेंट मागून त्यात आपले शब्द भरायची वाट तर मुळीच धरू नका. ‘माझंच वापर’ म्हणणारे गाइड मनाने चांगले असतात, पण त्यांच्या वर्गात बसलेली मुलं तुमची नसतात.

खरा सापळा पुढे आहे आणि मीही त्यात बराच काळ अडकून होते. ‘उदाहरण द्या’ म्हटलं की आपण स्वतःबद्दल लिहितो: मी सिम्युलेशन दाखवलं, मी क्विझ घेतली, मी गट पाडले. सगळ्या वाक्यांचा कर्ता ‘मी’. विद्यार्थ्याला आधी काय वाटत होतं, तो कुठे अडला, नंतर त्याचं काय बदललं, यातलं काहीच नाही. निवड समितीला तुमच्या उपकरणांची यादी नको असते. मुलं कशी विचार करतात हे तुम्हाला दिसतं का, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून आधी विद्यार्थ्याची एक ठरावीक चूक निवडा, तिच्यामागचा तर्क लिहा, मग तुम्ही काय केलंत ते, आणि फरक पडला हे कशावरून कळलं ते. तुमची श्रद्धा सगळ्यात शेवटी लिहा. ती या प्रसंगातूनच निघायला हवी, आणि एखाद्या जाणकाराला ‘मला नाही पटत’ म्हणता येईल इतकी नेमकी हवी.

अर्ज इंग्रजीत जातो, पण मी कच्चा मसुदा मराठीतच केला. तो असा:

‘वर फेकलेला चेंडू सर्वात उंच पोहोचतो त्या क्षणी त्याच्यावर कोणत्या दिशेने बल असतं, असं मी प्रथम वर्षाला विचारते आणि प्रत्येकाला वहीत बाण काढायला लावते. अनेक जण बाणच काढत नाहीत: चेंडू थांबला, म्हणजे बल शून्य. मी उत्तर सांगत नाही, शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्या म्हणते. “बल नाही तर तो खाली का येतो?” हा प्रश्न बाकांवरूनच येतो. पुढच्या तासाला टोकाला पोहोचलेल्या लंबकावरच्या एकूण बलाचा बाण काढायला देते. चुकीच्या उत्तरामागचा तर्क बोलून दाखवल्याशिवाय बरोबर उत्तर टिकत नाही, असं मी मानते.’

यात लंबकाचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. तिथेही वेग क्षणभर शून्य असतो, पण दोरीचा ताण असल्याने एकूण बल सरळ खाली नसतं, ते मार्गाच्या स्पर्शिकेच्या दिशेने, मध्याकडे असतं. ज्याने चेंडूचं उत्तर नुसतं पाठ केलं तो बाण सरळ खाली काढतो. त्यामुळे ‘मुलांना समजलं’ असा दावा करावा लागत नाही, कुणाला समजलं आणि कुणाला नाही ते वहीतच दिसतं. तुमच्या विषयातही असा दुसरा प्रश्न शोधा: कल्पना तीच, पण पहिलं उत्तर तसंच उचलून लिहिता येणार नाही असा. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, लागू द्या.

शेजाऱ्याला पटवून द्यायची पद्धत माझी नाही. हार्वर्डच्या एरिक मझुर यांनी ती ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ या नावाने रुजवली. मुलाखतीत विचारलं तर तसं स्पष्ट सांगायचं, उसनी पद्धत असण्यात काही वावगं नाही. ‘सगळी मुलं आत्मविश्वासाने उत्तरं देऊ लागली’ असलं वाक्य मात्र लिहू नका. ‘ज्यांचं दुसऱ्यांदाही चुकलं त्यांचं काय केलंत?’ हा प्रश्न समोरून येतोच आणि त्याचं उत्तर तयार हवं.

वर्गावर शिकवलेलंच नाही म्हणून घाबरू नका. प्रॅक्टिकलला मदत करताना, ज्युनियरला गणित समजावताना पाहिलेली एक चूक पुरते, फक्त ते प्रॅक्टिकल होतं हे तसंच लिहा. परिच्छेद शंभरेक शब्दांत संपवा. मूल्यमापन, मागे पडणारी मुलं, अभ्यासक्रमातले बदल हे पुढच्या परिच्छेदांत येऊ द्या.