चॅलेंज म्हणण्याआधी: पत्त्यांतल्या थापा पकडताना या चुका टाळा

सुट्टीत चार जण जमले की चॅलेंजचा डाव पडतोच. काही घरांत त्यालाच ब्लफ म्हणतात. माझ्या पाहण्यात या डावात थाप पकडली गेल्यामुळे जितके लोक मागे पडतात, त्यापेक्षा जास्त लोक नको तिथे ‘चॅलेंज’ म्हणून मागे पडतात. म्हणून इथे फक्त तेवढ्याचाच विचार करू: कधी म्हणायचं आणि कधी गप्प बसायचं.

नियम घराघरांत बदलतात, त्यामुळे मी कोणता प्रकार धरलाय ते आधी सांगतो. चौघे खेळतात, एक कॅट, प्रत्येकाला 13 पत्ते. पहिल्याने एक्के म्हणून पत्ते पालथे टाकायचे, दुसऱ्याने दुर्र्या, तिसऱ्याने तिर्र्या, असं राजापर्यंत, आणि मग पुन्हा एक्का. एक ते चार पत्ते टाकता येतात, पास म्हणता येत नाही. त्यामुळे हातात तो पत्ता नसला की थाप मारावीच लागते. चॅलेंज झालं की फक्त शेवटी टाकलेले पत्ते उलटून बघायचे. खोटे निघाले तर टाकणाऱ्याने गठ्ठा उचलायचा, खरे निघाले तर चॅलेंज करणाऱ्याने. त्यानंतर खेळ पुढच्या भिडूपासून, पुढच्याच पत्त्यावर चालू राहतो.

चेहरा बघून ठरवणं

बंटी हसला म्हणजे थाप, काकू अडखळल्या म्हणजे थाप, असं धरून लोक चॅलेंज ठोकतात. काकू अडखळतात त्या कधी कधी दोन टाकू की तीन, या विचारानेही. आधी स्वतःच्या हाताकडे बघा. समोरचा ‘एक सत्ती’ म्हणाला आणि डाव नुकताच सुरू झालाय, असं समजा. तुमच्याकडे एकही सत्ती नसेल, तर त्याच्याकडेही ती नसण्याची शक्यता साधारण 18 टक्के. तुमच्याकडे एक असेल तर ती 28 टक्के होते, दोन असतील तर 44 आणि तीन असतील तर 67. म्हणजे तीन सत्त्या तुमच्याच हातात असल्या, तरी तीनांत एकदा तो खरं बोलत असतो. हे आकडे पहिल्या फेरीचे आहेत. गठ्ठा उचलला गेला की ते बदलतात.

आपणच पुरलेला पत्ता विसरणं

ही चूक मला सर्वांत महागडी वाटते, आणि ती चांगले खेळणारेही करतात. एक डाव बघा. पहिली पाळी माझी, म्हणजे मला एक्का टाकायचाय. माझ्याकडे एक्का नाही, दश्श्या मात्र तीन आहेत. मी एक दश्शी पालथी टाकतो आणि म्हणतो, ‘एक एक्का’. कोणी हरकत घेत नाही. मग काकू दोन दुर्र्या, बंटी एक तिर्री, दादा एक चौकी, मी दोन पंज्या, काकू एक छक्की, बंटी दोन सत्त्या, दादा एक अठ्ठी, मी एक नव्वी. आता काकू म्हणतात, ‘दोन दश्श्या’.

नुसता हात बघणारा म्हणेल, माझ्याकडे दोन दश्श्या आहेत, उरलेल्या दोन काकूंकडे असतील, जाऊ दे. पण तिसरी गठ्ठ्याच्या तळाशी आहे, ती मीच टाकलीय, आणि तो गठ्ठा अजून कोणी उचललेला नाही. बाहेर एकच दश्शी उरते, म्हणजे काकूंची थाप शंभर टक्के. त्या क्षणी गठ्ठ्यात 14 पत्ते आहेत आणि ते काकूंच्या हातात जायला हवेत. थाप म्हणून टाकलेला प्रत्येक पत्ता, गठ्ठा हलेपर्यंत, हातात असल्यासारखाच मोजायचा. गठ्ठा बंटीने उचलला तर हिशोब उलटतो: आता ती दश्शी बंटीकडे आहे, आणि तो दश्शी म्हणेल तेव्हा त्याच्या वाटेला जायचं नाही.

सुरुवातीला मी दश्शीच का टाकली, हेही सांगायला हवं. चौघांत आपली पाळी चार-चार पत्त्यांनी पुढे सरकते: एक्का, पंजी, नव्वी, राजा, चौकी, अठ्ठी, राणी, तिर्री, सत्ती, गुलाम, दुर्री, छक्की, दश्शी. एक्क्याने सुरुवात करणाऱ्यावर दश्शी सगळ्यांत शेवटी येते, म्हणून थापेसाठी ती आधी खर्चायची. पुढच्याच फेरीला लागणारी पंजी थापेत घालवली, तर पंजीच्या पाळीला पुन्हा थाप मारायची वेळ येते.

निम्मी खात्री पुरेशी वाटणं

आता त्याच डावात माझ्या हातात दोन नाही, एकच दश्शी आहे असं धरा. बाहेर दोन उरतात आणि त्या दोन्ही काकूंना वाटपात आल्या असण्याची शक्यता दहात एक. हे ऐकून हात शिवशिवतात. पण ज्याच्याकडे खरंच दोन असतात तो दोनच म्हणतो, आणि थाप मारणारे बहुतेक वेळा एकावर भागवतात. म्हणून ‘दोन’ हा शब्द ऐकल्यावर खरेपणाची शक्यता वाढते. ज्यांच्याकडे दोन दश्श्या नसतात, त्यांच्यापैकी चारात एक जण दोन म्हणण्याचं धाडस करतो असं धरलं, तर काकू खऱ्या असण्याची शक्यता तीनांत एक होते.

तीनांत दोनदा मी जिंकणार, तरी मी इथे गप्प बसेन. चॅलेंज बरोबर ठरलं तर तिघा प्रतिस्पर्ध्यांपैकी एकच मागे पडतो, आणि फायदा बंटी-दादालाही फुकटात मिळतो. चुकलं तर गठ्ठा एकट्या माझ्यावर. ढोबळ हिशोबाने चौघांत चारात तीनदा थाप असेल इतकी खात्री हवी, तिघांत तीनांत दोनदा, आणि दोघेच असाल तर निम्मी पुरते. गठ्ठा लहान असला म्हणून हे प्रमाण फारसं बदलत नाही, कारण नफा आणि तोटा दोन्ही सारखेच लहान होतात. काकू जिंकायच्या बेतात असतील तर मात्र त्यांना अडवणं हेच माझं काम, तिथे कमी खात्रीवरही म्हणावं.

बेरीज चुकली म्हणून शेवटच्याला धरणं

आपल्याकडचा दुसरा प्रकार वेगळा आहे. त्यात पहिला भिडू पत्ता ठरवतो आणि बाकीचे त्यातच भर घालतात किंवा पास म्हणतात. तुमच्याकडे दोन राण्या आहेत, पहिला म्हणाला ‘दोन राण्या’, दुसरा म्हणाला ‘आणखी एक’. बेरीज पाच झाली, म्हणजे कोणीतरी खोटं बोललं. पण तपासता येतो फक्त दुसरा, आणि खोटा पहिलाही असू शकतो. राण्या पहिल्याने स्वतः निवडल्या, म्हणून त्याच्याकडे त्या बहुधा असतातच, आणि तसं असेल तर दुसरा नक्की थापाड्या. पहिला मुद्दाम नसलेला पत्ता निवडणारा भिडू असेल तर थांबा.

शेवटच्या पत्त्यावर गप्प राहणं

समोरच्याने हातातला शेवटचा पत्ता टाकला आणि कोणीच बोललं नाही, तर डाव तिथेच संपतो. पहिला बाहेर पडला की डाव संपत असेल, तर चुकीच्या चॅलेंजने इथे काहीच गमवायचं नसतं. म्हणून तो खरा वाटला तरी कोणीतरी म्हणायलाच हवं. तयारी मात्र एक फेरी आधीपासून करा. दादाने आत्ता अठ्ठी टाकली आणि त्याच्याकडे एकच पत्ता उरला, तर पुढच्या पाळीला त्याला राणीच म्हणावी लागणार. तुमच्याकडे राण्या असतील तर मधल्या पाळीला त्यांतली एकही थापेत घालवू नका. त्याच्या आधी कोणाचं चॅलेंज झालं आणि गठ्ठा भलत्याकडे गेला, तर तुम्ही टाकलेली राणी नेमकी कोणाच्या हातात गेली हे लक्षात ठेवावं लागतं, आणि गठ्ठा दादाकडेच गेला असेल तर त्याच्या राणीवर शंका घेण्यात अर्थ उरत नाही.