नगररचना योजनेत जमीन गेल्यास आपला अंतिम भूखंड कसा तपासावा

पनवेल तालुक्यात, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या अधिसूचित क्षेत्रात सिडको राबवत असलेल्या नगररचना योजनांमध्ये शेतकऱ्याची जमीन सरसकट संपादित होत नाही. रस्ते, मैदाने व इतर सार्वजनिक कामांसाठी सुमारे 60 टक्के जमीन देऊन उरलेली 40 टक्के विकसित भूखंडाच्या रूपात त्याच्या नावावर परत मिळते. ज्या जमिनीचा विचार होतो तिला ‘मूळ भूखंड’ आणि परत मिळतो त्याला ‘अंतिम भूखंड’ म्हणतात.

सर्वप्रथम सातबारा पाहावा. कोकणात एका गटावर आजोबांच्या पिढीची नावे तशीच राहिलेली असतात आणि निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात. वारसनोंद झालेली नसेल, तर भूखंड मयत खातेदाराच्याच नावे निघतो आणि तो विकणे किंवा त्यावर बांधकाम परवानगी मिळवणे अडून बसते. म्हणून तलाठ्याकडे फेरफार आधीच नोंदवून घ्यावा. सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि मोजणीत भरलेले क्षेत्र जुळते का, हेही पाहावे, कारण 40 टक्क्यांचा हिशोब त्यावरच उभा असतो.

योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की पुनर्वाटप व मूल्यांकनाच्या तक्त्यातील आपली ओळ शोधावी. समजा, मूळ भूखंड 20 गुंठे, म्हणजे सुमारे 2,023 चौरस मीटर आहे. अंतिम भूखंड 8 गुंठे, म्हणजे सुमारे 809 चौरस मीटर येईल. त्यावर 2.5 चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकामाची मुभा मिळाल्यास बांधकाम क्षेत्र पुन्हा सुमारे 2,023 चौरस मीटर होते. त्यामुळे केवळ क्षेत्र मोजून थांबू नये. भूखंडाचा आकार, रस्त्याची रुंदी आणि आपले राहते घर त्याच भूखंडात राहते की रस्त्यात जाते, हे नकाशावर पाहावे. अरुंद किंवा तिरकस भूखंडावर मंजूर बांधकाम प्रत्यक्षात बसत नाही.

पुढे पैशाचा रकाना. कायद्यानुसार भूखंडाच्या वाढलेल्या मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान, म्हणजे योजनेच्या खर्चातला जमीनमालकाचा वाटा, लावता येते आणि गेलेल्या जमिनीची भरपाई त्यातून वळती होते. मानू, अविकसित जमीन गुंठ्याला 2 लाख आणि विकसित भूखंड 9 लाख धरला आहे. गेलेल्या 12 गुंठ्यांची भरपाई 24 लाख होते. आठ गुंठ्यांची वाढ 56 लाख आणि तिचा निम्मा भाग 28 लाख. म्हणजे शेतकऱ्याने 4 लाख देणे निघते. आपल्या योजनेत कोणते दर धरले आहेत आणि अंशदानात सवलत दिली आहे का, हे तक्त्यातच वाचावे.

यांपैकी काही चुकले असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत द्यावी. तोंडी तक्रार नोंदली जात नाही. हरकतीसोबत सातबारा, फेरफार व मोजणी नकाशा जोडावा आणि पोच घ्यावी. सर्व हिस्सेदारांना एकच भूखंड नको असेल, तर आपापसांतील वाटणी स्पष्ट करून सर्वांच्या सह्यांनी वेगवेगळ्या भूखंडांची मागणी याच वेळी करावी. मसुदा मंजूर झाल्यावर नेमला जाणारा लवाद पुन्हा म्हणणे ऐकतो. त्याच्या नोटिशीचा पत्ता गावाकडच्या बंद घराचा नसावा, म्हणून मुंबईचा पत्ता कार्यालयाला लेखी कळवून ठेवावा.